गाण्याच्या छोट्या गटाला नाव हवंय: लक्षात राहील आणि पोस्टरवर चुकणार नाही असं

गारवेल

आम्ही सहाजणी गातो. पेटी आमच्यातलीच एक वाजवते, तबल्याला कधी कोणी मिळतं, कधी नाही. दोन वर्षं नाव न ठेवताच गात होतो. आता दीड महिन्यावर पहिला जाहीर कार्यक्रम आहे आणि पोस्टर करायचं तर वर काहीतरी लिहावं लागणार.

आमची यादी अशी: सूरसखी, झुळूक, षड्जधारा, सहाजणी. पाचजणींना 'सूरसखी' फार आवडलंय. मलाही आवडलं होतं. पण गेल्या आठवड्यात एका घरगुती मैफलीच्या निमंत्रणात आमचा उल्लेख 'सुरसखी' असा आला. दुसऱ्या दिवशी त्याच मैफलीचे फोटो कोणीतरी टाकले, त्याखाली 'स्वरसखी' होतं. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. पहिल्याच आठवड्यात तीन रूपं झाली, तर पुढे काय होईल?

नाव ऐकल्यावर लक्षात राहावं आणि ऐकणाऱ्याने न विचारता बरोबर लिहावं, एवढंच हवंय. तुमच्या गटांची नावं कशी ठरली? काय चुकलं?

रियाजी

सूरसखी छान आहे की! उगाच बदलू नका. शुद्ध काय ते पोस्टरवर तुम्ही लिहा, लोक आपोआप तसंच लिहायला लागतील.

कानामात्रा

@रियाजी, तसं होत नाही. पोस्टर एकदा बघितलं जातं, नाव मात्र दहा वेळा तोंडी सांगितलं जातं. लिहिणारा माणूस पोस्टर समोर ठेवून लिहीत नाही, कानात राहिलेलं लिहितो. आणि मराठी बोलताना 'सू' लांबवायचा की आखूड, याचा कानाला पत्ता लागत नाही.

'सूर' या शब्दाचा घोळ तर घरातूनच सुरू होतो. एकटा असला की सूर. विभक्ती लागली की सुरात, सुरांचा, सुराला. सुरेल, सुरावट, हेही ऱ्हस्वच. म्हणजे दिवसातून दहा वेळा माणूस 'सु' लिहितो आणि एकदा 'सू'. जोडशब्दात गेल्यावर कुठला घ्यायचा याचा अंदाज तो हातवळणाने करतो, आणि बहुतेकांचा हात ऱ्हस्वाकडे वळतो.

रियाजी

पण नियम सरळ आहे ना? तत्सम शब्द दीर्घ लिहायचे. सूर तत्सम, म्हणून दीर्घ.

कानामात्रा

उत्तर बरोबर आहे, कारण उलटं आहे. सूर तत्सम नाही. तत्सम आहे तो स्वर, आणि त्याच्यावरून मराठीत सूर आला. तत्सम शब्द संस्कृतात जसा असेल तसा राहतो, म्हणून गुण आणि मधुर यांचा उकार ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, म्हणून सूर, फूल, दूध, मूल. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांत हे आहे. जोडशब्दात ते तसंच राहतं, दूधभात आणि फूलबाग लिहितो तसं. म्हणून सूरसखीच. 'सुर' हा तत्सम शब्दही आहे, पण त्याचा अर्थ देव. सुरसखी म्हणजे देवांची मैत्रीण!

पण हे मी इथे सांगून गारवेल यांचा प्रश्न सुटत नाही. ज्या नावाच्या बचावासाठी एवढा परिच्छेद लागतो, ते नाव पोस्टरवर एकटं पडतं.

मोरपीस

देवांची मैत्रीण, ही तर बढती झाली :)

अक्षरगाडा

बावीस वर्षं हाताने फलक रंगवले, आता संगणकावर पोस्टरं करतो. हे माझ्या रोजच्या कामातलं दुखणं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव ठरवताना लोक अर्थ बघतात, फार तर उच्चार बघतात. पट्टीत ते कसं बसेल हे कोणी बघत नाही. समजा नावासाठी सहा इंच उंचीची पट्टी ठेवली आहे. देवनागरीत अक्षराचं अंग मध्ये असतं, वर वेलांटी, मात्रा, रफार, आणि खाली उकार. नावात वरही काही आहे आणि खालीही काही आहे, तर दोन्हीकडे जागा सोडावी लागते आणि अंगाला निम्म्याच्या थोडी वर उंची उरते. लांबून वाचलं जातं ते अंग. 'सूरसखी' बघा: खाली 'सू'चा उकार, वर 'खी'ची वेलांटी. दोन्ही टोकं अडली. फक्त वर किंवा फक्त खाली चिन्ह असेल, तर त्याच पट्टीत अक्षरं ठळकपणे मोठी होतात. फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की चांगलं वाचायला दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर लागतं. तीस फुटांवरून वाचायचं तर अंग तीन इंच हवं, उकार-वेलांटी धरून नव्हे.

दुसरं, लांबून फसवणारी अक्षरं. 'ख' सगळ्यांत वाईट. त्याचे दोन भाग जरा सुटे पडले की 'रव' वाचलं जातं. सूरसखीचं 'सूरसरवी' होतं, हे मी सांगतो म्हणून हसू नका, करून बघा. घ आणि ध, भ आणि म यांचीही तीच गत. या जोड्यांचा भेद एका गाठीत नाहीतर शिरोरेषेतल्या फटीत असतो आणि पंधरा-वीस पावलांवर ती दिसत नाही.

आता तुमच्या 'षड्जधारा'बद्दल. कृपा करून नको. 'ड्ज' कुठल्या फॉन्टमध्ये एकाखाली एक येतं, कुठल्यात पाय मोडून येतं. ऐकून लिहिणारा 'शडज' लिहितो. छान शब्द आहे, गाणाऱ्याला प्रिय आहे, पण पोस्टरचा नाही.

मोरपीस

एका परिचित गटाने 'खर्ज' असं नाव ठेवलं होतं. पहिल्याच पत्रकावर 'खर्च' छापून आलं. प्रेक्षकांना वाटलं हिशोबाचं व्याख्यान आहे.

तंबोरीवाला

@मोरपीस, त्यात छापणाऱ्याची चूक निम्मीच. 'खर्ज' शब्द गाण्याबाहेर कोणी वापरत नाही. माणूस ओळखीचा शब्द वाचतो आणि ओळखीचाच लिहितो. लक्षात राहणारं नाव म्हणजे नवखा शब्द, असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. शब्द घरचे हवेत आणि त्यांची जोडी नवी हवी.

स्वर, सूर, नाद, गंध, अंजली, संगम, सखी, यांतले कुठलेही दोन उचलले की गटाचं नाव तयार होतं. म्हणूनच ती नावं एकमेकांत मिसळतात. ऐकणाऱ्याला 'स्वर-काहीतरी' एवढं आठवतं आणि शेवट तो आपल्या मनाने लावतो.

पागोळी

मुलीसाठी नाव शोधताय का? 'सूरसखी' मुलीला जरा लांब होईल. 'स्वरा' ठेवा.

मोरपीस

@पागोळी, सहाजणी आहेत, वयाने मोठ्या आहेत, बारशी झालेली आहेत :)

पागोळी

अरे, शीर्षक अर्धंच वाचलं. माफ करा. तरी 'लकेर' सुचवून ठेवते. छोटं आहे, जोडाक्षर नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही.

गारवेल

@पागोळी, लकेर यादीत टाकलं! @अक्षरगाडा, मी सूरसखी कागदावर लिहून जिन्याच्या वरच्या टोकावरून बघितलं. सरवी नाही दिसलं, पण सखीही नीट दिसलं नाही.

'झुळूक'बद्दल काय वाटतं? आमच्यातल्या दोघींना ते मनापासून आवडतं.

कानामात्रा

झुळूक गोड आहे. पण नावाला वाक्यात घालून बघा. बातमीत, निमंत्रणात, निवेदनात नाव एकटं येत नाही. 'झुळूक गटाचा कार्यक्रम' असं पहिल्यांदा म्हणतील, दुसऱ्यांदा 'झुळुकेचा कार्यक्रम' म्हणतील. तिथे 'ळू'चा 'ळु' झाला. हा नियमाने झालेला बदल आहे, चूक नाही. पण तो वाचलेला माणूस पुढे एकटं नाव लिहितानाही 'झुळुक' लिहितो. सूरचा जो आजार तोच.

म्हणून माझी पहिली कसोटी ही: नावाला 'चा, ला, ने, मध्ये' लावून बघायचं. मुळाला धक्का न लागता प्रत्यय बसला तर नाव टिकाऊ. शब्दाच्या मध्ये ऱ्हस्व-दीर्घ उकार किंवा वेलांटी नसली की निम्मी लढाई तिथेच जिंकली. शेवटी दीर्घ ई असेल तर चालते, कारण मराठीत शेवटची ई दीर्घच लिहायची हे बहुतेकांच्या हातात बसलंय. अपवाद तत्सम शब्दांच्या समासाचा: एकटी श्रुती दीर्घ, पण श्रुतिमाधुर्य ऱ्हस्व. तेव्हा श्रुती, गती, स्मृती यांनी सुरू होणारी जोडनावं टाळा.

रियाजी

मग अवतरणचिन्हात घाला आणि 'झुळूक'चा असं लिहा. प्रश्न मिटला.

कानामात्रा

लिहिता येईल. बोलताना अवतरणचिन्ह कसं लावणार?

तंबोरीवाला

एक नाव सुचवतो, आवडलं तर बघा. तुम्ही सगळ्या बायका आहात, म्हणजे पट्टी काळी चार किंवा जवळपास असणार. मग 'काळी चार'च का नाही? पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून रोज म्हणता तो शब्द. गाणाऱ्याला लगेच कळतो, आणि न गाणारा विचारतो 'म्हणजे काय?' विचारलं की लक्षात राहतं.

मोरपीस

'कोमल ग' कसं वाटतं? मला फार दिवस मनात आहे.

तंबोरीवाला

मोरपीस, कल्पना सुंदर आहे, पण पोस्टरवर 'कोमल ग यांचे गायन' दिसलं की लोक ती एकच गायिका समजतील. आडनावाचं आद्याक्षर ग. तोंडी म्हटलं तर कोणीतरी कोमलला हाक मारतंय असं वाटेल.

पेटीतला हवा

विषय निघालाच आहे तर: काळी चारमध्ये सहाजणी एकसुरात गाऊ शकतात? आमच्याकडे दोघी काळी चारला तार मध्यमाच्या पुढे जात नाहीत, त्यांना पांढरी पाच लागते. एक मात्र पांढरी सहाला हसतखेळत गाते. कार्यक्रमात पट्टी कशी ठरवता?

गारवेल

@पेटीतला हवा, आम्ही काळी चारच घेतो, अगदी बरोबर ओळखलंत. पण सगळ्या गाण्यांना नाही. चाल वरच्या पंचमापर्यंत जाणारी असेल तर अर्धा स्वर उतरून पांढरी पाच. जिचा गळा जास्त चढत नाही तिच्यावरून पट्टी ठरते, जिचा चढतो तिच्यावरून नाही. यावर वेगळा धागा काढा, मला खूप बोलायचंय.

आणि तंबोरीवाला, नाव वाचलं तेव्हा मी पेटीजवळच बसले होते. अंगावर काटा आला. पण बाकीच्यांना काय वाटेल माहीत नाही.

चिमणपाखरू

मला एक खटकलं, स्पष्ट लिहिते. 'काळी चार' आणि मंचावर बायका. कोणीतरी रंगावरून बोलणारच. गाणं कळणाऱ्याला पट्टी दिसेल, पण पोस्टर बघणारे सगळे गाणारे नसतात. हे तुम्ही सोसायचं का?

तंबोरीवाला

चिमणपाखरू, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पोस्टरवर नावाशेजारी पेटीच्या पट्ट्यांचं चित्र असेल तर अर्थ वळणार नाही असं वाटतं. पण ऐकीव नावाला चित्र नसतं, हेही खरं.

अक्षरगाडा

वाद घालण्यापेक्षा चाचणी घ्या. मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो आणि दहातले आठजण ती करत नाहीत.

गटाबाहेरचे दहाजण निवडा. गाणारे निम्म्याहून कमी असावेत. प्रत्येकाला फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, कारण लिहिलं की चाचणी संपली. नाव एकदाच, नेहमीच्या वेगाने एका वाक्यात म्हणा: 'आमच्या गटाचं नाव अमुक आहे.' अक्षरं फोडून सांगू नका, ते परत विचारू लागले तर तेही टिपून ठेवा. मग त्यांना मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवायला सांगा. कितीजणांनी सारखं लिहिलं ते मोजा. बरोबर कितीजणांनी लिहिलं हे नंतर. सगळे एकसारखं चुकले तरी एक वेळ चालतं, पाच तऱ्हांनी चुकले तर नाव गेलं.

आणि तीन-चार दिवसांनी त्याच लोकांना काही न सांगता विचारा: 'आमच्या गटाचं नाव काय सांगितलं होतं?' पहिल्या भागातून लेखन कळतं, दुसऱ्यातून स्मरण. दोन्हीत पास होणारं नाव क्वचित मिळतं.

रियाजी

इंग्रजी अक्षरांत कशाला? पोस्टर मराठीत आहे ना.

अक्षरगाडा

कारण पोस्टरच्या तळाशी खात्याचा पत्ता येतो, आणि लोक शोधताना बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. एका गटाचं नाव 'साद' होतं. देवनागरीत दोन अक्षरं, बिनचूक. इंग्रजीत त्यांनीच घाईत `Sad` लिहिलं आणि पोस्टरवर तेच छापलं. आनंदाच्या गाण्यांचा कार्यक्रम होता.

मोरपीस

अरे देवा.

गारवेल

धागा वर काढतेय, चाचणी करून आले. आठ दिवस गेले पण मजा आली. दहाजण घेतले, त्यांतले तिघं गाणारे. चार नावं सांगितली. एकाच फोनवर चारही सांगितली असती तर घोळ झाला असता, म्हणून रोज एक.

सूरसखी: तिघांनी सूरसखी लिहिलं, पाचजणांनी सुरसखी, दोघांनी स्वरसखी. त्या दोघांना मी स्पष्ट 'सूर' म्हणाले होते, तरी.

झुळूक: सहाजणांनी बरोबर, चौघांनी झुळुक.

लकेर: सातजणांनी लकेर, तिघांनी लकीर. इंग्रजीत त्या तिघांनी अर्थात `Lakeer` लिहिलं, आणि `Laker` लिहिलेलं माझ्या भाच्याने 'लेकर' वाचलं. पागोळी, वाईट वाटलं, कारण मला ते वाचायला फार आवडत होतं.

काळी चार: नऊजणांनी 'काळी चार' आणि एकाने 'काळी ४'. मराठीत एकही चूक नाही! पण इंग्रजीत तीन तऱ्हा: पाचांनी `Kali Char`, तिघांनी `Kaali Chaar`, दोघांनी `Kali Chaar`. आणि `Kali` बघून एका मैत्रिणीने विचारलं की देवीची गाणी म्हणता का.

चार दिवसांनी परत विचारलं. सूरसखी दोघांना आठवलं, बाकीच्यांनी सूरसंगिनी, स्वरसाधना, 'सखी असं काहीतरी' असं सांगितलं. झुळूक सहाजणांना आठवलं. लकेर चौघांना. काळी चार... आठजणांना 'काळी' पक्कं आठवलं, पण त्यांतल्या तिघांनी 'काळी पाच' सांगितलं! आणि एक काका म्हणाले, 'चार काळ्या'.

आता सांगा.

मोरपीस

'चार काळ्या'! पण बघा, काकांना अर्थ आठवला.

कानामात्रा

फार मोलाची चाचणी केलीत. काळी पाच ही चूक मला धोक्याची वाटत नाही, कारण शोधताना 'काळी' टाइप करून तुम्ही सापडाल. सूरसंगिनी टाइप करणारा मात्र भलत्याच गटाच्या कार्यक्रमाला जाऊन बसेल.

प्रत्यय लावून बघितलं. काळी चारचा, काळी चारला, काळी चारने. मुळाला धक्का नाही. 'चार'ला प्रत्यय लावताना 'चाराचा' असं कोणी म्हणत नाही.

पेटीतला हवा

फक्त आकडा की अक्षर ते आताच ठरवा. पोस्टरवर 'काळी चार', खात्यावर 'काळी ४', तिसरीकडे इंग्रजी आकडा, असं झालं की शोधणाऱ्याला तीन गट वाटतील. पेटीच्या वहीत आम्ही आकडाच लिहितो, पण नाव म्हणून अक्षरी चांगलं. लांबून ४ हा देवनागरी आकडा पटकन लागतही नाही, त्यात इंग्रजी आठचा भास होतो.

अक्षरगाडा

अक्षरीच. आणि पट्टीत बघा: 'काळी चार'मध्ये खाली एकही उकार नाही. वर एकच वेलांटी. पट्टीचा खालचा सगळा भाग अंगाला मिळतो. ख, घ, ध, भ यांतलं एकही अक्षर नाही. दोन शब्दांमध्ये मात्र फट नीट सोडायला सांगा, नाहीतर 'काळीचार' होऊन 'लाचार'सारखं वाचायला सुरुवात होते.

इंग्रजीचं सांगतो. पोस्टरवर नाव फक्त देवनागरीत ठेवा. तळाच्या पत्त्यासाठी दोन्ही जोड-a असलेलं रूप घ्या, `kaalichaar`. ते लांब आहे, पण `kalichar` कोणी 'कळीचर' वाचेल तर कोणी 'कलीचार'. जमलं तर `kalichar` नावानेही खातं उघडून तिथे फक्त 'इकडे या' असं लिहून ठेवा. आणि शेजारी क्यूआर कोड टाका, म्हणजे टाइप करायची वेळच येणार नाही.

चिमणपाखरू

चाचणीत रंगाबद्दल कोणी बोललं का? ते लिहिलं नाहीत.

गारवेल

@चिमणपाखरू, प्रामाणिकपणे सांगते. एकजण बोलला. हसून बोलला, पण बोलला. आमच्यातली जी सगळ्यांत सावळी आहे तिच्याशी मी यावर वेगळं बोलले, कारण नावाचा भार तिच्यावर पडणार होता. ती म्हणाली, 'बारा वर्षं झाली, पेटी काढली की माझा पहिला शब्द काळी चार असतो. तो शब्द माझा आहे. दुसऱ्या कोणाला तो का देऊ?' तिने होकार दिला. दुसऱ्या एकीला अजून पटलेलं नाही, ती म्हणते 'झुळूक'च बरं होतं. मतदान झालं, चार विरुद्ध दोन.

चिमणपाखरू

तिने ठरवलं असेल तर माझं म्हणणं मागे घेते. अर्धं घेते. जी दोन मतं विरुद्ध आहेत त्यांचं ऐकत राहा.

रियाजी

मला अजूनही सूरसखी आवडतं. पण पाचजणांनी सुरसखी लिहिलं हे वाचून गप्प बसतो. आमच्या गटाचं नाव 'स्वरऋतू' आहे, आता कळलं की आम्हाला दर वेळी 'स्वररुतु' का छापून येतं.

कानामात्रा

@रियाजी, 'ऋ'चा उच्चार आपण मराठीत 'रु' करतो, हिंदीत 'रि' करतात, त्यामुळे इंग्रजीत तुमची `Rutu` आणि `Ritu` अशी दोन रूपंही फिरत असतील. वर 'तू' शेवटी म्हणून दीर्घ, पण 'स्वरऋतुगंध' केलंत तर ऱ्हस्व. नाव बदला असं नाही म्हणत, जुनं असेल तर लोकांना सवय झाली असेल. छापायला देताना मात्र दर वेळी एकाच ठिकाणाहून कॉपी करून द्या, नव्याने टाइप करू नका.

अक्षरगाडा

कॉपी करून दिलं तरी एक फास आहे. चित्रांच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर युनिकोड मजकूर चिकटवल्यावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, रफार उतरून 'र' पाय मोडून उभा राहतो. करणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याला ते दिसतच नाही. 'काळी चार'मध्ये ऱ्हस्व वेलांटी नाही, रफार नाही, जोडाक्षर नाही, म्हणून नाव वाचेल. पण खालच्या मजकुरात 'निमंत्रित', 'कार्यक्रम', 'संध्याकाळी' असतीलच. म्हणून मसुदा आला की तो पडद्यावर वाचू नका. कागदावर छापा, आणि शेवटच्या शब्दापासून उलट वाचत या. सरळ वाचलं की डोळा स्वतःच दुरुस्ती करून पुढे जातो.

गारवेल

उलट वाचून बघितलं! मसुदा काल रात्री आला. मजकूर असा होता:

'काळी चार
सहाजणींचं गाणं
संवादिनी साथ: गटातील सदस्य
पत्ता: kaalichaar'

वरच्या तीन ओळी ठीक वाटल्या. एकीने उलट वाचताना थांबून विचारलं, 'तबला कुठेय?' तबलजींचं नाव गळलं होतं. ते या वेळी नक्की येणार आहेत. सरळ वाचताना सहाजणींपैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

तंबोरीवाला

@गारवेल, मनापासून आनंद झाला. एक विचारू? 'सहाजणींचं' हे पोस्टरवर कायमचं छापू नका. सातवी आली तर?

गारवेल

ते आम्ही फक्त या कार्यक्रमापुरतं ठेवलंय. नावात आकडा चारचा आहे, आम्ही सहा आहोत, तर 'बाकीच्या दोघी कुठे' असं विचारणारेही निघालेत. त्यांना पेटीवर काळी चार दाबून दाखवते.

पागोळी

लकेर मोकळं आहे ना आता? माझी धाकटी भाची गाते, तिच्या गटाला सुचवते. लकीर वाचलं तरी चालेल म्हणते ती.

अक्षरगाडा

@पागोळी, आधी दहा फोन करा.

गारवेल

दुरुस्त मसुदा आत्ता आला. तबलजींचं नाव आलंय, पण वर 'कळी चार' झालंय. काना गळला. परत पाठवतेय.